चार टक्के म्हणजे नेमके किती? (द.सा.द.शे. च्या पुढचा एक प्रश्न)

शिक्षक मित्रमैत्रिणींनो, सातवीला आपण सरळव्याज शिकवतो आणि आठवीला चक्रवाढ व्याज. दोन्हीकडे फळ्यावर एक शब्द हमखास येतो, द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. मुलं तो घडाघडा म्हणतात, सूत्रात आकडे घालतात, उत्तर बरोबर येतं. पण हीच मुलं उद्या बचत खातं उघडायला जातील तेव्हा एका ठिकाणी लिहिलेलं असेल "४ टक्के, व्याज वर्षाला जमा" आणि दुसऱ्या ठिकाणी "३.९५ टक्के, व्याज दरमहा जमा". यातलं कोणतं खातं जास्त पैसे देईल? आपण शिकवलेल्या द.सा.द.शे. मध्ये या प्रश्नाचं उत्तर नाही.

माझं मत सरळ आहे. व्याजाचा दर सांगताना "वर्षातून किती वेळा?" हेही सांगायलाच हवं, आणि दोन खाती तोलायची तर दोघांच्याही दराचं रूपांतर "शंभराचे वर्षाअखेर किती?" या एका मापात करायला हवं. किलो आणि शेर यांची तुलना आपण आधी एका मापात आणल्याशिवाय करत नाही, तसंच हे. त्याच वेळी मला असंही वाटतं की बचत खात्याच्या बाबतीत "दरमहा व्याज" या जाहिरातीला आपण देतो तेवढं महत्त्व तिला नाही. दुसरीच एक गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. ती पुढे येईलच.

एकच दर, चार खाती

समजा एक लाख रुपये आहेत. वर्षभर त्यांना हात लावायचा नाही. चारही खात्यांचा दर द.सा.द.शे. ४ आहे. फरक एवढाच की व्याज मुद्दलात कधी मिळवायचं.

पहिल्या खात्यात व्याज वर्षातून एकदा मिळवतात. वर्षाअखेर १,०४,००० रुपये. यात काही गुंतागुंत नाही.

दुसऱ्या खात्यात दर तिमाहीला मिळवतात. ४ टक्क्यांचे चार भाग केले की तिमाहीला १ टक्का. पहिल्या तिमाहीनंतर १,०१,००० झाले. आता दुसऱ्या तिमाहीचा १ टक्का या १,०१,००० वर मिळेल, म्हणून १,०२,०१०. तिसऱ्या तिमाहीनंतर १,०३,०३०.१० आणि चौथ्या तिमाहीनंतर १,०४,०६०.४०. हे मुलांकडून ओळीने करून घ्यावं, कारण जास्तीचे ६० रुपये कुठून आले ते प्रत्येक पायरीवर दिसतं. ते व्याजावर मिळालेलं व्याज आहे. (प्रत्यक्षात बँका तिमाहीतले दिवस मोजतात, म्हणून पासबुकात थोडे पैसे इकडेतिकडे होतात.)

तिसऱ्या खात्यात व्याज दरमहा मिळवतात. वर्षाअखेर १,०४,०७४.१५ रुपये.

चौथ्या खात्यात दररोज मिळवतात असं धरू. वर्षाअखेर १,०४,०८०.८५ रुपये.

आता फळ्यावर फक्त जास्तीची रक्कम लिहा. वर्षातून एकदाऐवजी चारदा केलं तर साधारण ६० रुपये वाढले. चारदाऐवजी बारा वेळा केलं तर आणखी १४ रुपये. बारा वेळांऐवजी ३६५ वेळा केलं तर आणखी ७ रुपयेसुद्धा नाहीत. एका मुलीने वर्गात विचारलं, "मग दर तासाला दिलं तर?" उत्तर असं की तरीही रक्कम १,०४,०८१ रुपये ८ पैशांच्या पुढे जात नाही. व्याज कितीही वेळा मिळवलं तरी एका मर्यादेपाशी वाढ थांबते. मुलांना हे ऐकून आश्चर्य वाटतं, कारण "जास्त वेळा म्हणजे खूप जास्त पैसे" असं त्यांना वाटत असतं. मोठ्यांनाही वाटतं.

दोन दर, दोन नावं

वरच्या चारही खात्यांवर पाटी एकच आहे, ४ टक्के. या पाटीवरच्या दराला नाममात्र दर म्हणतात. एका कालावधीचा दर गुणिले वर्षातले कालावधी, एवढाच त्याचा अर्थ. तिमाही १ टक्का गुणिले ४, म्हणजे ४ टक्के. व्याजावरचं व्याज त्यात धरलेलं नसतं.

वर्षाअखेर शंभर रुपयांवर खरोखर जेवढे वाढतात, तो प्रभावी वार्षिक दर. चार खात्यांचे प्रभावी दर अनुक्रमे ४ टक्के, ४.०६ टक्के, ४.०७ टक्के आणि ४.०८ टक्के. वर्षातून एकदाच व्याज मिळवलं तर दोन्ही दर सारखे असतात. एरवी प्रभावी दर नेहमी थोडा जास्त असतो.

आठवीचं चक्रवाढीचं सूत्र ज्याला येतं त्याला नवीन काही शिकायचं नाही. r हा नाममात्र दर (४ टक्के म्हणजे 0.04) आणि n म्हणजे वर्षातून किती वेळा, तर प्रभावी दर E असा निघतो:

```
E = (1 + r/n)^n - 1
```

शाळेतल्या संगणकावर एक्सेल असेल तर त्यात यासाठी तयार सूत्र आहे. पहिला आकडा दर, दुसरा आकडा वर्षातून किती वेळा:

```
=EFFECT(0.04,4)
```

उत्तर 0.04060401 येतं, म्हणजे ४.०६ टक्के. मुलांनी आधी हाताने चार पायऱ्या केल्या असतील तरच हे दाखवावं, नाहीतर तो जादूचा खेळ होतो.

आता सुरुवातीचा प्रश्न

४ टक्के वर्षाला एकदा, की ३.९५ टक्के दरमहा? पहिल्याचा प्रभावी दर ४ टक्केच. दुसऱ्याचा काढला तर ४.०२ टक्के येतो. एक लाखावर १,०४,०२२ रुपये. म्हणजे पाटीवर कमी दर लिहिलेलं खातं प्रत्यक्षात २२ रुपये जास्त देतं. फक्त पाटी वाचणारा माणूस इथे चुकतो.

पण लगेच दुसरं उदाहरण घ्या. ३.९० टक्के दरमहा. याचा प्रभावी दर ३.९७ टक्के येतो, आणि आता वर्षाला ४ टक्के देणारं खातं पुढे जातं. सीमारेषा साधारण ३.९३ टक्क्यांवर आहे. दरमहा व्याज देणाऱ्या खात्याचा दर याच्या वर असेल तर ते जिंकतं, खाली असेल तर हरतं. याचा अर्थ असा की चार टक्क्यांच्या आसपास "दरमहा व्याज" या सोयीची खरी किंमत जेमतेम ०.०७ टक्के आहे. शंभर रुपयांवर वर्षाला सात पैसे. एखादी बँक ३ टक्के देते आणि जाहिरातीत "व्याज दरमहा जमा" मोठ्या अक्षरात लिहिते, तेव्हा तिचा प्रभावी दर ३.०४ टक्के असतो. तो वर्षाला ४ टक्के देणाऱ्या खात्याच्या जवळपासही पोचत नाही.

हे असं का होतं ते मुलांना अंदाजाने सांगता येतं. ४ टक्के दराने शंभराला वर्षाचं व्याज ४ रुपये. त्या ४ रुपयांवर पुन्हा ४ टक्के म्हणजे १६ पैसे. पण ते ४ रुपये वर्षाच्या पहिल्याच दिवशी मिळत नाहीत, थोडे थोडे येतात, म्हणून सरासरीने त्यांना अर्धंच वर्ष मिळतं. १६ पैशांचे अर्धे ८ पैसे. वर दैनंदिन खात्याचा प्रभावी दर ४.०८ आला होता, तो हाच ८ पैशांचा फरक. सूत्र न लावता तोंडी काढलेला हा अंदाज लहान दरांना छान चालतो.

बचतीत जे लहान, कर्जात ते मोठं

याच अंदाजावरून पुढची गोष्ट समजते. फरक दराच्या वर्गाप्रमाणे वाढतो. दर सहापट झाला तर फरक छत्तीसपट होतो.

आपल्याकडे गावात उसन्या पैशांचं बोलणं "शेकडा दोन" असं होतं. म्हणजे महिन्याला शंभरामागे दोन रुपये. माणसं बाराने गुणून म्हणतात, वर्षाला २४ टक्के. हा नाममात्र दर झाला. व्याज दर महिन्याला भागवलं नाही आणि ते मुद्दलात चढत गेलं, तर वर्षाअखेर शंभराचे १२६ रुपये ८२ पैसे होतात. प्रभावी दर २६.८२ टक्के. बचत खात्यात सात पैशांचा असलेला फरक इथे २ रुपये ८२ पैसे झाला. दहा हजारांच्या कर्जावर वर्षाला २८२ रुपये, आणि तेही कुणी "दर वाढवला" असं न म्हणता.

म्हणून मला वाटतं, चक्रवाढीच्या पाठात बचतीचं आणि कर्जाचं असं एकेक उदाहरण शेजारी शेजारी ठेवावं. नाहीतर मुलं चुकीचा धडा घेऊन जातात. बचतीत "किती वेळा" या प्रश्नाला घाबरायचं कारण नाही, कर्जात मात्र तोच प्रश्न आधी विचारायचा.

रोज मोजणं आणि रोज मिळवणं

आता ती जास्त महत्त्वाची गोष्ट. आतापर्यंत आपण धरलं की पैसे वर्षभर जागचे हलत नाहीत. पण बचत खात्यात पैसे हलतातच. पगार येतो, किराणा जातो, फी जाते. अशा वेळी व्याज कोणत्या रकमेवर मोजतात, या नियमाचा परिणाम चक्रवाढीच्या फरकापेक्षा कितीतरी मोठा असतो.

रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे १ एप्रिल २०१० पासून बँका बचत खात्यावर रोजच्या शिलकेवर व्याज मोजतात. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून शेवटच्या दिवसापर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत असत. २५ ऑक्टोबर २०११ पासून दर ठरवण्याचं स्वातंत्र्यही बँकांना मिळालं, म्हणून आज वेगवेगळ्या बँकांचे दर वेगवेगळे दिसतात. मोजलेलं व्याज खात्यात मात्र तिमाहीला किंवा त्याहून कमी अवधीत जमा करायचं असतं.

इथे एक गोंधळ नेहमी होतो. "आमच्या बँकेत रोज व्याज मोजतात, म्हणजे रोज चक्रवाढ" असं मोठी माणसंही सांगतात. तसं नाही. रोज मोजतात म्हणजे आजची शिल्लक किती ती नोंदवून आजच्या व्याजाची बाजूला नोंद ठेवतात. ते व्याज मुद्दलात मिळतं ते जमा होण्याच्या दिवशीच. चक्रवाढ किती वेळा, हे जमा होण्यावरून ठरतं. ओळखायची सोपी खूण पासबुकातच आहे. एका वर्षात व्याजाच्या किती नोंदी आहेत त्या मोजा. चार असतील तर तिमाही, बारा असतील तर मासिक, एक असेल तर वार्षिक.

टपाल खात्याच्या बचत खात्यात अजून १० तारखेचा नियम आहे. १० तारखेपासून महिनाअखेरपर्यंतच्या सर्वांत कमी शिलकेवर त्या महिन्याचं व्याज धरतात आणि आर्थिक वर्ष संपताना एकदाच जमा करतात. दर ४ टक्के.

आता एक महिना सोडवून पाहू. महिना ३० दिवसांचा. एक तारखेला खात्यात ४०,००० रुपये आहेत. १२ तारखेला ३०,००० काढले. पुढे महिनाअखेरपर्यंत १०,००० राहिले.

टपाल खात्यात १० तारखेनंतरची सर्वांत कमी शिल्लक १०,०००. तिच्यावर ४ टक्क्यांनी एका महिन्याचं व्याज ३३ रुपये ३३ पैसे. सुरुवातीच्या ४०,००० ची कुठेच नोंद नाही.

दुसरीकडे ३ टक्के देणारी बँक घ्या. ११ दिवस ४०,००० आणि १९ दिवस १०,०००. रोजच्या शिलकांची बेरीज ४,४०,००० अधिक १,९०,०००, म्हणजे ६,३०,०००. तिचे ३ टक्के १८,९००, आणि ३६५ ने भागलं की ५१ रुपये ७८ पैसे.

पाटीवर ४ विरुद्ध ३. प्रभावी दर ४ विरुद्ध ३.०३. आणि प्रत्यक्ष या महिन्याचं व्याज ३३ विरुद्ध ५१! पगाराचे पैसे ज्या खात्यात येतात आणि जातात, तिथे ३ टक्क्यांची बँक पुढे. पण एक लाख वर्षभर न हलवता ठेवायचे असतील तर चित्र उलटं. टपाल खात्यात १,०४,००० होतात आणि ३ टक्के तिमाही देणाऱ्या बँकेत १,०३,०३३.९२. म्हणजे ९६६ रुपयांचा फरक, टपाल खात्याच्या बाजूने. कोणतं खातं चांगलं, याचं उत्तर खात्यात नाही. पैसे कसे हलतात त्यात आहे.

१० तारखेच्या नियमाचा उपयोगही करून घेता येतो. टपाल खात्यात भरायचे पैसे १० तारखेच्या आत भरले तर त्या महिन्याचं व्याज मिळतं, ११ ला भरले तर महिना वाया. काढायचे पैसे १० तारखेनंतर काढायची गरज पडत असेल तर शक्य असल्यास पुढच्या महिन्याच्या पहिल्या दिवसांत काढावेत.

प्रभावी दर कुठे फसवतो

प्रभावी दरालाही मर्यादा आहे, ती सांगितली पाहिजे. तो गृहीत धरतो की जमा झालेलं व्याज खात्यातच राहतं. एखाद्या आजोबांना दर तिमाहीचं व्याज काढून औषधांना लागत असेल, तर त्यांच्यासाठी व्याजावरचं व्याज नाहीच. ४ टक्के तिमाही खात्यात त्यांना शंभराला वर्षाचे चारच रुपये मिळणार, चार रुपये सहा पैसे नाहीत. त्यांच्यासाठी पाटीवरचा नाममात्र दरच खरा.

टपाल खात्याची मुदत ठेव हे याचं आणखी एक नमुनेदार उदाहरण. तिथे व्याज तिमाही चक्रवाढीने मोजतात पण देतात वर्षातून एकदा. दर ७.५ टक्के असेल तर १०,००० वर वर्षाला ७५० नाही, ७७१ रुपये मिळतात. तो तिमाही चक्रवाढीचा परिणाम. पण ते ७७१ रुपये घेतले नाहीत तर पडून राहतात, त्यांच्यावर पुढे व्याज मिळत नाही. म्हणजे वर्षाच्या आत चक्रवाढ आहे, वर्षाच्या पलीकडे नाही. पाच वर्षांची तुलना करताना हे विसरलं तर उत्तर चुकतं.

"कशाला एवढं, साठच रुपये तर आहेत!"

हा आक्षेप शिक्षक खोलीत येतोच, आणि तो चुकीचा नाही. लाखावर साठ रुपयांसाठी कुणी खातं बदलू नये. पण हे साठ रुपये आहेत, सहाशे नाहीत, हे कळण्यासाठीच तर प्रभावी दर काढायचा. जो गणित करत नाही तो "दरमहा व्याज" वाचून कमी दराच्या खात्यात जातो आणि हजारभर रुपये सोडतो. जो करतो त्याला पाहायचा क्रम कळतो. आधी माझे पैसे किती हलतात आणि शिल्लक कशी धरतात. मग दर. आणि शेवटी व्याज वर्षातून किती वेळा. कर्ज असेल तर हा शेवटचा प्रश्न पहिल्या रांगेत आणायचा.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. आठवीच्या चक्रवाढीच्या गणितात दिलेल्या माहितीत एक ओळ वाढवूया: "व्याज वर्षातून ... वेळा मिळवले जाते." आणि उत्तरात एक ओळ वाढवूया: "म्हणून शंभर रुपयांचे वर्षाअखेर ... रुपये." पाठ्यपुस्तक बदलायची वाट पाहायला नको, हे आपल्या फळ्यावर उद्याच होऊ शकतं.

वर्गात देण्यासाठी एक गणित: एका पतसंस्थेत द.सा.द.शे. ६, व्याज वर्षाला एकदा. दुसरीत द.सा.द.शे. ५.९, व्याज तिमाही. ५०,००० रुपये वर्षभर ठेवायचे आहेत. कुठे जास्त मिळतील, आणि किती जास्त? मुलांनी आधी अंदाज लिहावा, मग चार पायऱ्या कराव्यात. (उत्तर: दुसरीत, सुमारे १६ रुपये जास्त.) मग विचारा, दर तिमाहीला व्याज काढून घेतलं तर? तेव्हा दुसरीकडे वर्षाला २,९५० रुपये मिळतील आणि पहिलीकडे ३,०००. इथे उत्तर उलटतं, आणि ते का उलटलं हे मुलांनी स्वतःच्या शब्दांत लिहिलं तर पाठ झाला असं समजा.